मागची गोष्ट नेमकी कुठे सांगायची

माझ्या कादंबरीतली आजची गोष्ट नऊ दिवसांची आहे. वसुधा ही पुलांची तपासणी करणारी अभियंता एका जुन्या, दगडी कमानींच्या पुलावर येते. एका कमानीत तिला भेग दिसते. भेग जुनी, थांबलेली आहे की अजून वाढते आहे, हे कळण्यासाठी ती भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवते. दगड किंचित जरी सरकला तरी काच तडकते. नवव्या दिवशी तिला अहवालावर सही करायची आहे: पूल चालू ठेवायचा की बंद करायचा.

या नऊ दिवसांच्या मागे बऱ्याच वर्षांपूर्वीची एक गोष्ट आहे. वसुधाचे वडील, अण्णा, हेही अभियंता होते. त्यांनी सुरक्षित ठरवलेला एक पूल काही आठवड्यांतच कोसळला. चौकशीत त्यांच्यावर ठपका आला नाही. ते वारल्यावर आवराआवर करताना वसुधाला त्यांची एक वही सापडली. त्या वहीत त्या पुलाच्या भेगेची मापं होती, तारखांसकट, आणि प्रत्येक माप आधीच्यापेक्षा मोठं होतं. म्हणजे सही करताना अण्णांना सगळं माहीत होतं. वसुधाने ती वही कुणालाच दाखवली नाही.

दुसऱ्या खर्ड्यात ही मागची गोष्ट ११ फ्लॅशबॅकमध्ये विखुरलेली होती. ती कुठून काढली, कुठे नेली आणि का, तेवढंच इथे सांगते.

सुरुवात एका मैत्रिणीच्या वाचनापासून झाली. ती स्वतः लिहीत नाही, पण वाचते मात्र मन लावून. तिला मी अभिप्राय मागितला नाही. जिथे वाचन थांबवून कागद खाली ठेवशील तिथे समासात पेन्सिलीने फक्त एक रेघ मार, एवढंच सांगितलं. थांबायला कारण काहीही असो, फोन येवो की झोप. अभिप्राय देताना माणूस विचार करतो, लेखकाचं मन राखतो. रेघ मारताना तसं काही होत नाही.

रेघा मोजून पाहिल्या तेव्हा बहुतेक फ्लॅशबॅकच्या आसपासच होत्या. पण फ्लॅशबॅक सुरू झाल्याबरोबर ती थांबली होती असं नव्हतं. साधारण एखादं पान वाचून झाल्यावर थांबली होती. म्हणजे ती मागे यायला तयार होती, थोडी वाट पाहत होती, आणि मग तिचा धीर सुटत होता. शिवाय दोन फ्लॅशबॅक असे होते की त्यांच्या आसपास एकही रेघ नव्हती, आणि त्यातला एक तर सगळ्यांत लांब होता. त्यामुळे ‘फ्लॅशबॅक छोटे ठेवावेत’ हा सरधोपट उपाय मी तिथेच बाजूला ठेवला. लांबीमुळे खोळंबा होत नसेल तर कशामुळे होतो, हे शोधायला हवं होतं.

मग मी हस्तलिखिताची एक प्रत केली आणि तिच्यातून अकराही फ्लॅशबॅक उचलून वेगळ्या फाइलमध्ये ठेवले. मूळ जागी फक्त क्रमांक ठेवला, जोडवाक्यं लिहिली नाहीत, काही सांधलं नाही. आणि नुसती नऊ दिवसांची गोष्ट सलग वाचली. वाचताना एकच पाहायचं ठरवलं होतं: फक्त आजचीच माहिती असलेल्या माणसाला वसुधाचं वागणं कुठे समजेनासं होतं? ते ‘कमी खोल’ वाटणं मी मोजणार नव्हते, कारण स्वतःचं लेखन कापल्यावर ते सगळीकडेच कमी खोल वाटतं. मोजायची ती फक्त न समजणारी जागा.

अशा जागा तीनच निघाल्या. पहिली चौथ्या प्रकरणात: वसुधाचा कनिष्ठ सहकारी भेगेचं २.३ मिलिमीटर हे माप नोंदवताना ‘साधारण दोन’ असं लिहितो आणि वसुधा त्याच्यावर इतकी भडकते की वाचणाऱ्याला ती विनाकारण कडक वाटावी. दुसरी सहाव्या प्रकरणात: वरिष्ठ अधिकारी तिच्यावर दबाव आणतो आणि एरवी कुणाचंही ऐकून न घेणारी वसुधा गप्प बसते. तिसरी शेवटी, सहीच्या वेळी. बाकी आठ ठिकाणी मागची गोष्ट काढल्याने काहीही अडलं नाही.

या आठांतलं पहिल्या प्रकरणातलं ठिकाण पाहा. खर्ड्यात ते असं होतं: भल्या पहाटे वसुधाला फोन येतो, पुलावर ताबडतोब या. ती गाडीत बसते. गाडी सुरू होते आणि तिला आठवतं, लहानपणी अण्णा तिला बांधकामावर न्यायचे, काचेच्या पट्ट्यांचा डबा धरायला द्यायचे, वगैरे चार पानं. ती चार पानं मला आजही वाईट वाटत नाहीत. पण वाचणाऱ्याच्या मनात त्या क्षणी एकच प्रश्न असतो: पुलावर काय झालंय? अण्णा कोण, ते कसे होते, हा प्रश्न अजून जन्मालाच आलेला नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कितीही सुरेख दिलं तरी ते माहितीच राहतं, आणि तोवर विचारलेला प्रश्न ताटकळत उभा असतो. मैत्रिणीची पहिली रेघ नेमकी दुसऱ्या पानाच्या शेवटी होती.

यावरून मी एक साधी रीत बसवली. प्रत्येक फ्लॅशबॅकसाठी कागदाच्या डाव्या बाजूला लिहायचं, हा सुरू होण्याच्या आधीच्या ओळीला वाचणाऱ्याच्या मनात कोणता प्रश्न आहे. उजव्या बाजूला लिहायचं, हा फ्लॅशबॅक कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो. दोन्ही बाजू प्रामाणिकपणे लिहायच्या तर फार वेळ लागत नाही, पण डावी बाजू अवघड जाते, कारण लेखकाला सगळंच ठाऊक असतं. तिथे मी मैत्रिणीलाच विचारलं, “या ओळीपर्यंत आल्यावर तुला काय जाणून घ्यायचं होतं?” एका ठिकाणी ती म्हणाली, “अगं, मला फक्त ती काच तडकली का ते बघायचं होतं, आणि तू मला तिच्या लग्नात घेऊन गेलीस.” तिसऱ्या प्रकरणात वसुधा परांचीच्या फळीवर उभी राहून भेग जवळून पाहते, तिथे मी तिचं लग्न आणि घटस्फोट सांगितला होता. डाव्या बाजूला ‘काच तडकली का’, उजव्या बाजूला ‘ती एकटी का राहते’. दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

ज्या दोन फ्लॅशबॅकजवळ रेघ नव्हती, तिथे डावी आणि उजवी बाजू जवळजवळ एकच होती. त्यातला एक सगळ्यांत लांब असूनही मैत्रीण अडखळली नव्हती त्याचं कारण हे होतं. त्या क्षणी तिला मागेच जायचं होतं.

इथे मला होमरच्या ‘ओडिसी’तला एकोणिसाव्या सर्गातला प्रसंग फार उपयोगी पडला. ओडिसियस वेष पालटून स्वतःच्या घरी आला आहे. म्हातारी दाई त्याचे पाय धुताना त्याच्या मांडीवरचा जुना व्रण ओळखते, आणि ओळख पटण्याच्या त्याच क्षणी कथन मागे जातं. त्याचं नाव कुणी ठेवलं, तो आजोळी शिकारीला कसा गेला, रानडुकराने त्याला कसं जखमी केलं, हे ७० हून अधिक ओळींत येतं, आणि मग दाईच्या हातून पाय सुटतो, भांडं कलंडतं. गोष्ट अगदी टोकाला असताना हा फ्लॅशबॅक येतो, तरी तो तिथे टिकतो. एरिक आउअरबाख या जर्मन समीक्षकाने याच प्रसंगावर लिहिताना म्हटलं आहे की होमरला इथे उत्कंठा ताणायची नाही, त्याला सगळं काही पूर्ण प्रकाशात ठेवायचं असतं. ते बरोबरच असावं. पण लिहिणारी म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. व्रण हाच ओळखीचा पुरावा आहे, त्यामुळे व्रणाची गोष्ट आजच्या क्षणाच्या पोटातूनच निघते. माझ्या परांचीवरच्या लग्नाला असा कुठलाही व्रण नव्हता.

म्हणजे कुठे सांगायचं याचं अर्धं उत्तर मिळालं: प्रश्न जन्मल्यानंतर. पण प्रश्न जन्मल्यानंतर किती वेळाने? हे ठरवताना खरा कस लागला तो वहीच्या प्रसंगात, कारण कादंबरीचा कणा तोच आहे.

खर्ड्यात वहीचा प्रसंग तिसऱ्या प्रकरणात होता. तिथे तो लवकर येत होता. वसुधाच्या मनात वडिलांचं काय आहे हे तिथेच कळल्यावर पुढची सहा प्रकरणं वाचणारा फक्त ती वडिलांसारखी वागते की वेगळी, एवढंच पाहत बसतो, आणि उत्तरही त्याला आधीच दिसतं. मग वाटलं, शेवटी न्यावा, सही झाल्यावर. तिने सही का केली याचा उलगडा शेवटच्या पानावर. वाचायला हे आकर्षक वाटतं, पण माझं निवेदन वसुधाच्या मनाच्या आतून चालतं. तिला काय दिसतं, काय खुपतं, कशाची भीती वाटते, सगळं वाचणाऱ्याला कळत राहतं. अशा निवेदनात पात्राला ठाऊक असलेली सगळ्यांत मोठी गोष्ट शेवटपर्यंत दडवली, तर वाचणाऱ्याला नंतर फसवल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं रास्त असतं. निवेदन बाहेरून असतं, किंवा दुसऱ्या पात्राच्या नजरेतून असतं, तर हा मार्ग खुला होता.

यातून वाट काढली ती मागच्या गोष्टीचे दोन भाग करून. अण्णांचा पूल कोसळला, हा भाग लवकर आणि उघड सांगून टाकला. तो लपवण्यासारखा नव्हताच, वर्तमानपत्रात आलेला होता. वहीचा भाग मागे ठेवला, पण वही लपवली नाही. चौथ्या प्रकरणात माप नोंदवताना वसुधा सहकाऱ्याच्या हातातली वही पाहते, काहीतरी बोलायला जाते आणि न बोलता खाली उतरते. पाचव्यात रात्री तिला अण्णांचं अक्षर आठवतं, आणि ती उठून दिवा लावते, भलतंच काम काढून बसते. तिला ते आठवायचं नाही, हे वाचणाऱ्याला दिसतं. हे दडवणं लेखिकेचं नाही, वसुधाचं आहे, म्हणून ते चालतं. आणि याच दोन जागांमुळे वहीचा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात आपोआप तयार होतो. चौथ्या प्रकरणातली भडकण्याची जागाही याने सुटली. तिथे कारण सांगावं लागलंच नाही, कारण आहे एवढं कळलं की पुरलं.

आता प्रसंग नेमका कुठे ठेवायचा? सातव्या प्रकरणाच्या शेवटी वसुधा सकाळी पुलावर जाते आणि काच तडकलेली दिसते. नवव्यात सही. मधल्या आठव्यात माझ्याकडे फारसं काही नव्हतं, ती अहवाल लिहीत बसते एवढंच. वहीचा फ्लॅशबॅक मी तिथे नेला. काच तडकण्याआधी ठेवला असता तर ‘काच तडकली का’ हा जिवंत प्रश्न अडवून उभा राहिला असता. काच तडकल्यावर तो प्रश्न संपतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो: आता ही काय करणार? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर धावपळीतून मिळणार नसतं. ते माणसाच्या आतच असतं, आणि तिथे पोचायला मागे जावंच लागतं. घटना घडून गेली आहे आणि निर्णय व्हायचा आहे, या दोहोंच्या मधली जागा मागच्या गोष्टीला सगळ्यांत मानवते, असं मला या एका बदलातून पटलं. वाचणाऱ्याचा श्वासही तिथेच जरा खाली बसलेला असतो. मैत्रिणीने पुढचा खर्डा वाचला तेव्हा आठव्या प्रकरणात एकही रेघ नव्हती, आणि तो फ्लॅशबॅक आता सहा पानांचा झाला होता.

सहाव्या प्रकरणातली वरिष्ठांबरोबरची बाचाबाची वेगळ्या रीतीने सुटली. खर्ड्यात वाद ऐन रंगात असताना वसुधा अण्णांच्या चौकशीच्या दिवसांत जात होती आणि दोन पानांनी परत येऊन उरलेला वाद पुरा करत होती. समोरचा माणूस तोवर काय करत होता, हा प्रश्न कुणालाही पडेल. मी ती दोन पानं काढली आणि त्यातलं आवश्यक तेवढं वरिष्ठांच्या तोंडी दिलं. संवादातून मागची गोष्ट सांगताना एक धोका असतो: दोघांनाही ठाऊक असलेलं दोघं एकमेकांना सांगत बसतात. “तुम्हाला माहीतच आहे मॅडम, तुमच्या वडिलांची चौकशी झाली होती” असं वाक्य कुणी वाचणाऱ्याखेरीज कुणासाठीच बोलत नाही. पण तीच माहिती बोलणाऱ्याने शस्त्र म्हणून वापरली की ती जिवंत होते. वरिष्ठ आता एवढंच म्हणतात, “मॅडम, सही करून सुखाने निवृत्त होता येतं. तुमच्याच घरातलं उदाहरण आहे.” वसुधा गप्प बसते. चौकशी झाली होती, ठपका आला नव्हता, आणि समोरच्याला संशय आहे, तिन्ही गोष्टी पोचल्या, आणि वाद कुठेही थांबला नाही. इथे मागची गोष्ट सांगणं हीच आजची घटना झाली.

जागा ठरल्यानंतर आत जाण्याची आणि बाहेर येण्याची वाक्यं राहिली. आपल्याकडे यासाठी काही वाक्यं अगदी तयार असतात: मन भूतकाळात गेलं, तो दिवस डोळ्यांसमोर उभा राहिला, आणि परत येताना तंद्री भंगली, ती भानावर आली. ही वाक्यं वाचणाऱ्याला पाटी लावून सांगतात की आता मुख्य गोष्ट थांबली आहे. मी ती सगळी काढली. त्यांच्याऐवजी काळ आणि जागा सरळ सांगितली. खर्ड्यात वहीच्या प्रसंगाची सुरुवात अशी होती: “तिला तो दिवस आठवला. तिने कपाट उघडलं होतं. खालच्या कप्प्यात वही दिसली होती. तिने ती हातात घेतली होती आणि अण्णांचं अक्षर ओळखलं होतं.” प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘होतं’ आलं की वाचणारा प्रत्येक वाक्याला दूर लोटला जातो. आता ते असं आहे: “वही तिला अण्णा गेल्यानंतरच्या आवराआवरीत सापडली होती. कपाटाचा खालचा कप्पा, जुन्या पावत्यांखाली. तिने सहज उघडली. तारीख, कमानीचा क्रमांक, रुंदी. दोन मिलिमीटर. पुढच्या पानावर अडीच. त्याच्या पुढच्या पानावर साडेतीन, आणि आकड्याखाली दोनदा ओढलेली रेघ.” पहिल्या वाक्यातलं ‘होती’ वाचणाऱ्याला मागे नेऊन सोडतं. त्यानंतर साधा भूतकाळ पुरतो, आणि प्रसंग आत्ता घडत असल्यासारखा वाचता येतो. बाहेर येण्याच्या अगोदर एखाद्या वाक्यात पुन्हा ‘होती’ आणलं की वळण न सांगताच कळतं.

परतण्याच्या वाक्याबद्दल मी जास्त आग्रही झाले आहे. परतल्यावर आजचा प्रसंग होता तिथूनच, तसाच पुढे चालू झाला, तर तो फ्लॅशबॅक नसता तरी चाललं असतं असं समजायचं. खर्ड्यात वसुधा वहीची आठवण संपवून पुन्हा अहवालच लिहू लागत होती. आता परतल्यावर पहिलं वाक्य असं आहे की ती लिहिलेलं पान फाडते आणि अहवालात स्वतःच्या मापांची संपूर्ण यादी जोडते, तारखांसकट. अण्णांनी जे वहीत ठेवलं ते तिने अहवालात घातलं. मागे जाऊन आलेली वसुधा वेगळं काहीतरी करते, तेव्हाच ते मागे जाणं कादंबरीच्या पोटात बसतं.

लग्न आणि घटस्फोटाच्या पानांचं मात्र दुःख झालं. डाव्या बाजूला त्यांच्यासाठी प्रश्न कुठेच तयार होईना. मुद्दाम तयार केला असता तर कादंबरी दुसरीकडे वळली असती. शेवटी त्यातली तीन वाक्यं दुसऱ्या प्रकरणात राहिली: तिने खोलीत बॅग ठेवली, फोन पाहिला, आणि पोचल्याचं कळवावं असं आता कुणी नाही हे तिच्या लक्षात आलं. एकटेपणासाठी एवढं पुरेसं होतं.

ही रीत सगळ्याच लेखनाला लागू पडणार नाही. जिथे आठवणारं मन हीच कादंबरी आहे, जिथे आज फक्त एक खुर्ची आणि एक खिडकी आहे, तिथे मागची गोष्ट काढून उरलेलं वाचण्यात अर्थ नाही, कारण काही उरणारच नाही. जिथे दोन काळ आळीपाळीने चालतात तिथेही प्रत्येक काळाला स्वतःचा आज असतो, स्वतःचा ताटकळणारा प्रश्न असतो, आणि एका काळातून दुसऱ्यात जाणं हा फ्लॅशबॅक नसतोच. माझी पद्धत चालते ती एका सलग आजच्या गोष्टीत मागून काहीतरी आणायचं असेल तेव्हा.

अकरांपैकी आता पूर्ण प्रसंग म्हणून दोनच उरले आहेत: वही, आणि सातव्या प्रकरणाच्या सुरुवातीला अण्णांनी काच चिकटवायला शिकवल्याचा लहानसा प्रसंग. तो मूळचा पहिल्या प्रकरणातला, चार पानांचा. आता एका पानाचा आहे आणि काच तडकण्याच्या आदल्या संध्याकाळी येतो. तो तिथे राहावा की नाही याबद्दल मैत्रीण आणि मी अजून एकमत झालेलो नाही. तिच्या मते काच तडकण्याच्या इतक्या जवळ काहीच नको. मला वाटतं, ती काच काय आहे हे त्या एका पानाशिवाय वाचणाऱ्याच्या हाताला लागणार नाही. पुढच्या खर्ड्यात तो प्रसंग वसुधा पहिली पट्टी चिकटवते तिथे ठेवून पाहणार आहे. तिथे डाव्या बाजूला ‘ही काच कशासाठी?’ हा प्रश्न आहे.